गावाकडून आलेल्या कागदाच्या फोटोतली बोटं आणि टेबल

जर्मनीत नवीन आलात की पहिल्या काही महिन्यांतच घरी फोन जातो, "दादा, माझ्या दाखल्याचा फोटो पाठव." मीही पाठवायला सांगितलं होतं. अंबाजोगाईहून फोटो आला. वर पंखा सुरू, म्हणून दादानं शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही अंगठ्यांनी धरलेला. खाली टेबलावरचं फुलाफुलांचं प्लास्टिक, आणि कागद तिरका, वरून अरुंद, खालून रुंद.

साधा क्रॉप इथं कामाचा नाही. तो चौकोनच कापतो, त्यामुळं टेबलाची पाचर कोपऱ्यात राहतेच. फोटो सुधारायचं गिम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात `Shift+P` दाबून `Perspective` घ्या. `Direction` मध्ये `Corrective (Backward)` आणि `Clipping` मध्ये `Clip` निवडा. मग फोटोवर क्लिक केलं की येणारी चार टोकं ओढून कागदाच्या चार कोपऱ्यांवर नेमकी बसवा, फोटो मोठा करून बघत, आणि `Transform` दाबा. टोकांच्या बाहेरचं सगळं, टेबल आणि बोटांचा बाहेर आलेला भाग, निघून जातं.

माझ्या फोटोत डावीकडचा खालचा कोपरा अंगठ्याखाली होता. तिथं अंदाजानं टोक ठेवू नका. टोकांना जोडणाऱ्या चौकटीची खालची आणि डावी रेघ कागदाच्या दिसणाऱ्या कडांवर पडेपर्यंत टोक हलवा. दोन्ही रेघा जिथं मिळतात, तोच कोपरा.

आता बहुतेकांचं इथं चुकतं. कागद सरळ होतो, पण त्याला आकार मूळ फोटोचाच येतो. माझा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा होता. वहिनीनं पट्टीनं मोजून सांगितलं, दाखला १८ बाय २५ सेंटीमीटर. म्हणजे रुंदी ३००० ठेवली तर उंची ४१६७ हवी. `Image > Scale Image` मध्ये रुंदी-उंचीला जोडणारी साखळी सोडून तो आकडा टाकला. आधी शाळेचा गोल शिक्का किंचित चपटा दिसत होता, मग गोल झाला. शिक्का ही चांगली खूण आहे. सगळे कागद ए-फोर समजू नका, जुने दाखले बऱ्याचदा वेगळ्या मापाचे असतात.

कागदाच्या आत आलेलं बोट मात्र यानं जात नाही. ते नुसत्या कोऱ्या समासावर असेल तरी त्यावर पांढरा रंग फासू नका, अधिकृत कागदात फेरफार केल्यासारखं दिसतं. अंगठ्याखाली नोंदणी क्रमांक गेला असेल तर तो कुठल्याच क्रॉपनं परत येत नाही. घडीनं उचललेला कागदही सरळ होत नाही, कारण हे सगळं सपाट कागदालाच लागू पडतं. ओळी कमानीसारख्या वाकलेल्या दिसल्या की समजायचं.

अशा वेळी सरळ दुसरा फोटो मागवा. दादाला मी सांगितलं, दाखला रात्रभर जाड वहीखाली ठेव, सकाळी पंखा बंद करून दाराजवळ शहाबादी फरशीवर ठेव, हात लावू नकोस. करड्या फरशीवर पांढऱ्या कडा स्वच्छ उठून आल्या आणि चारही कोपरे दिसले.