आयईएलटीएस लिसनिंग: नकाशात ‘लेफ्ट’ नेमकं कुठे?

आयईएलटीएसच्या लिसनिंगमध्ये 4 भाग आणि 40 प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवलं जातं. नकाशाचा प्रश्न आला तर तो बहुधा दुसऱ्या भागात येतो. तिथे एकच व्यक्ती बोलत असते. कधी ती एखाद्या उद्यानाची माहिती देते, कधी शेतावरच्या सहल-केंद्राची, कधी नूतनीकरण झालेल्या वाचनालयाची. आपल्यासमोर आराखडा असतो, त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं विखुरलेली असतात आणि शेजारी कॅफे, दुकान, तिकीटघर अशी नावं दिलेली असतात. कोणत्या नावाला कोणतं अक्षर, एवढंच लिहायचं.

मी स्वतः परीक्षा दिल्यानंतर ओळखीतल्या मुलामुलींची तयारी करून घेते. इंग्रजी चांगलं असणारी मुलंही या प्रश्नात गुण घालवतात. ‘लेफ्ट’, ‘राइट’, ‘ऑपोझिट’ हे शब्द सगळ्यांना येतात. अडतं ते दुसरीकडेच: बोलणारी व्यक्ती वळते, पण ऐकणारा कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटून बसतो. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर देते.

एक साधा आराखडा काढून बघा. वर उत्तर. कागदाच्या खालच्या कडेला मधोमध मुख्य प्रवेशद्वार. तिथून एक वाट सरळ वर जाते, मध्यभागी कारंज्यापाशी पोचते आणि तशीच पुढे उत्तरेच्या फाटकापर्यंत जाते. कारंज्यापाशी तिला आडवी वाट छेदते, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी. आता अक्षरं मांडा. प्रवेशद्वारातून आत आल्याबरोबर वाटेच्या पश्चिमेला ए, पूर्वेला बी. आडव्या वाटेच्या पश्चिम टोकाकडे वरच्या अंगाला सी, खालच्या अंगाला डी. पूर्व टोकाकडे वरच्या अंगाला ई, खालच्या अंगाला एफ.

समजा, बाई प्रवेशद्वारात उभ्या राहून सांगतात: “सरळ कारंज्यापर्यंत जा, तिथे टर्न राइट, कॅफे तुमच्या लेफ्टला दिसेल.” आपण उत्तरेकडे चाललो होतो, उजवीकडे वळलो, म्हणजे आता तोंड पूर्वेला. पूर्वेकडे तोंड असताना डावा हात उत्तरेला, म्हणजे कागदावर वर. कॅफे ई.

पुढे त्या म्हणतात: “दुकान पूर्वी या प्रवेशद्वाराच्या अगदी लेफ्टला होतं, पण जागा अपुरी पडायला लागल्यावर ते हलवलं. कॅफेतून कारंज्याकडे परत या, तसेच सरळ पुढे जा, दुकान लेफ्टलाच आहे.” आता तोंड पश्चिमेला आहे, म्हणून डावा हात दक्षिणेला, कागदावर खाली. दुकान डी. ‘लेफ्ट’ ऐकून ज्याने घाईत ए लिहिलं त्याचा गुण गेला. ती जागा जुन्या दुकानाची होती. ‘यूज्ड टु बी’, ‘ओरिजिनली’ असं काही कानावर पडलं की पेन्सिल उचलायची नाही. खरी जागा पुढच्या वाक्यात येते.

तिसरं तिकीटघर: “उत्तरेच्या फाटकातून आलात तर सरळ खाली चालत या. मुख्य प्रवेशद्वाराच्या जरा अलीकडे, लेफ्टला तिकीटघर.” दक्षिणेकडे तोंड, डावा हात पूर्वेला, म्हणजे कागदाच्या उजव्या बाजूला. उत्तर बी. शब्द तिन्ही वेळा तोच, आणि कागदावर तो एकदा वर, एकदा खाली, एकदा उजवीकडे गेला. इतकं नीट उमगलं की अर्धा प्रश्न सुटला.

सवय अशी लावा: पेन्सिलीचं टोक सुरुवातीच्या जागेवर ठेवायचं आणि बोलणाऱ्याबरोबर वाटेवरून सरकवायचं. टोक जिकडे चाललंय तिकडे आपलं तोंड. कागदावर परीक्षा असेल तर सरावात सुरुवातीला कागद फिरवून बघायला हरकत नाही, पण हळूहळू ते सोडा. संगणकावर नकाशा फिरवता येत नाही, तिथे माउसचा बाण वाटेवरून न्यायचा. उत्तर-दक्षिण सांगितलं असेल तर मात्र काहीच वळवायचं नसतं. ‘नॉर्थ’ हे आपण कुठेही तोंड करून उभे असलो तरी नकाशातल्या बाणाच्याच दिशेला. फक्त तो बाण कागदाच्या वरच्याच बाजूला आहे ना, हे आधी बघून घ्या.

ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. तो नावांची यादी पाठ करण्यात घालवू नका. ‘यू आर हिअर’ किंवा प्रवेशद्वार शोधा, मग नकाशावर आधीच छापलेल्या खुणा बघा: पूल, तळं, वाहनतळ. नंतर प्रत्येक अक्षराची जागा मनात इंग्रजीत सांगा. ई म्हणजे ‘ऑन द ईस्टर्न पाथ, नॉर्थ साइड’. असं आधी म्हटलेलं असलं की तेच वर्णन कानावर पडताच ओळखू येतं.

जागा दाखवणाऱ्या शब्दांच्या काही जोड्या मात्र खरोखर घोळ करतात. ‘इन फ्रंट ऑफ’ आणि ‘ऑपोझिट’ दोन्हींना आपण समोर म्हणतो, पण नकाशावर दुकानाच्या ‘ऑपोझिट’ म्हणजे बहुधा वाट ओलांडून पलीकडे, आणि ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणजे दुकानाच्या पुढ्यात, त्याच बाजूला. ‘जस्ट बिफोर द ब्रिज’ पुलाच्या अलीकडे, ‘जस्ट पास्ट’ किंवा ‘बियॉन्ड’ पलीकडे. हे अलीकडे-पलीकडे नेहमी आपण ज्या दिशेने चाललोय त्यावरून ठरतं. ‘ऑन द फार साइड ऑफ द लेक’ म्हणजे आपण उभे आहोत तिथून तळ्याचा लांबचा काठ. आणि ‘इन द नॉर्थ ऑफ द पार्क’ म्हणजे उद्यानाच्या आतच उत्तर भागात, तर ‘टु द नॉर्थ ऑफ द पार्क’ म्हणजे सहसा उद्यानाच्या बाहेर, उत्तरेला. नकाशावर कुंपणाच्या आत एक आणि बाहेर एक अशी दोन अक्षरं दिसली, तर या दोन छोट्या शब्दांकडे कान ठेवा.

एखादं उत्तर निसटलं तर तिथे रेंगाळू नका. प्रश्न बोलण्याच्या क्रमानेच येतात आणि वक्ता नव्या जागेकडे वळताना बहुतेक वेळा एखाद्या ओळखीच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करतो: परत कारंजं, परत प्रवेशद्वार. पेन्सिल उचलून त्या खुणेवर ठेवा. उरलेल्या अक्षरांवरून निसटलेलं उत्तर काढता येईल, या भरवशावर मात्र राहू नका. अक्षरं सहसा प्रश्नांपेक्षा जास्त असतात.

सरावासाठी मी दोन गोष्टी सांगते. पहिली, सरावाच्या पुस्तकात मागे ध्वनिमुद्रणाचा मजकूर छापलेला असतो. उत्तरं तपासून झाली की तो समोर घ्या आणि जिथे जिथे दिशा बदलते तिथे समासात बाण काढा. कुठल्या वाक्यापाशी आपण वळायचं राहिलो, ते त्या बाणांवरून दिसतं. दुसरी, वर दिलेल्या आराखड्यासारखा एक आराखडा काढून मैत्रिणीला द्या आणि तिला इंग्रजीत वाट सांगायला लावा, पण अट एकच: एकदा तरी तिने उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे कागदावर वरून खाली चालवलं पाहिजे. चुका सगळ्यात जास्त याच दिशेने चालताना होतात.

उत्तरपत्रिकेवर अक्षर मागितलं असेल तर अक्षरच लिहा. ‘कॅफे’ कुठे आहे हे बरोबर ओळखून ई ऐवजी दुसरं काही शब्दांत लिहिलं, तर गुण मिळत नाही.