एक्सेलमधला फॉर्म्युला एरर देत नाही म्हणून तो बरोबर असतो असं नाही

अकाउंट्स किंवा एमआयएसमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मला रोज दुसऱ्यांनी बनवलेल्या शीट चेक कराव्या लागतात, आणि नवीन लोकांची एक समजूत कायम दिसते, की #N/A नाही, #REF! नाही, म्हणजे शीट बरोबर. अहो, ती एररवाली चूक उलट बरी, ती ओरडून सांगते तरी. खरा घोळ करतात त्या दोन गप्प चुका. एक म्हणजे सेलचा पत्ता पक्का करणारं $ म्हणजे डॉलरचं चिन्ह न लावता किंवा चुकीच्या जागी लावून ड्रॅग केलेला फॉर्म्युला, आणि दुसरी म्हणजे खालच्या दोन-चार ओळी बाहेर राहिलेली रेंज. दोन्हीत सेलमध्ये व्यवस्थित आकडा दिसतो, फॉरमॅटिंग छान असतं, आणि पगार किंवा इन्सेंटिव्ह त्याच आकड्यावर निघून जातो.

या दोन्ही चुका एकाच शीटमध्ये आलेलं एक उदाहरण घेते, थोडं सोपं करून. सेल्सच्या लोकांचं तिमाही इन्सेंटिव्ह काढायचंय. नावं ओळ 5 पासून, C, D, E मध्ये तीन महिन्यांची विक्री, F मध्ये तिमाहीची बेरीज, G मध्ये इन्सेंटिव्ह. बाजूला K2 मध्ये फील्ड स्टाफचा दर 1.5%, त्याखाली K3 मध्ये सुपरवायझरचा 2%, K4 मध्ये गोडाऊनच्या लोकांचा 1.25%. या शीटमध्ये फक्त फील्ड स्टाफ आहे, म्हणजे सगळ्यांना K2 चाच दर लागणार. आधी ओळ 25 पर्यंत 21 जण होते आणि सगळ्यांना हा फॉर्म्युला होता:

```
=F5*$K$2
```

मग तीन नवीन जण आले. कोणीतरी टोटलच्या बरोबर वर तीन ओळी इन्सर्ट केल्या, 26, 27, 28, आणि G26 मध्ये हाताने `=F26*K2` टाईप करून खाली दोन ओळी ओढलं. डॉलर नाही, म्हणून G27 मध्ये झालं `=F27*K3` आणि G28 मध्ये `=F28*K4`. तिघांचीही विक्री 4 लाख धरा. तिघांना 6,000 मिळायला हवेत, शीट देतं 6,000, 8,000 आणि 5,000. आता सांगा, नुसतं बघून यातला कोणता आकडा खटकतो? एकही नाही. त्यातून बहुतेक जण फक्त पहिली ओळ तपासतात, आणि जिथे फॉर्म्युला टाईप केला तिथे तो बरोबरच असतो, चूक ओढल्यावर सुरू होते. म्हणून माझी पहिली सवय ही, की ओढलेल्या भागाच्या शेवटच्या सेलवर जाऊन F2 दाबायचं. F2 दाबलं की फॉर्म्युला ज्या ज्या सेलवरून आकडे घेतोय त्यांच्याभोवती रंगीत चौकटी येतात, आणि G28 वर उभं राहून चौकट K4 वर दिसली की एका सेकंदात कळतं.

आता टोटल. ओळी टोटलच्या लगेच वर घातल्या, त्यामुळे G29 मधला फॉर्म्युला `=SUM(G5:G25)` असाच राहिला. रेंजच्या मध्ये ओळ घातली तर एक्सेल रेंज आपोआप वाढवतं, पण शेवटच्या ओळीच्या खाली घातली तर ती रेंजच्या बाहेर पडते. कधीकधी लागून टाईप केलेले आकडे एक्सेल स्वतःहून आत घेतं, पण त्यावर भरवसा ठेवू नका, कारण कधी घेतं आणि कधी नाही हे शीट बघून सांगता येत नाही.

आणि इथे ती गोष्ट आहे जी मला नवीन लोकांना सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते. शीट बनवणाऱ्याने टॅली केलं होतं हो! एकूण विक्री गुणिले दर बरोबर एकूण इन्सेंटिव्ह यायला हवं, म्हणून F29 ला K2 ने गुणून G29 शी जुळवलं. F29 होते 84 लाख, त्याचे 1.5% म्हणजे 1,26,000, आणि G29 पण 1,26,000. पैशापैशाला जुळलं. कारण F29 पण `=SUM(F5:F25)` च होता, दोन्ही बेरजांनी तेच तीन लोक सोडले होते. एकाच शीटमधल्या, एकाच पद्धतीने चुकलेल्या दोन टोटल एकमेकींशी जुळणारच, त्या जुळण्याला काही अर्थ नाही. टॅली करायचं तर बाहेरच्या आकड्याशी करा, म्हणजे सेल्स रजिस्टरची टोटल, बिलिंग सॉफ्टवेअरचा रिपोर्ट, असं काहीतरी जे या शीटमधून निघालेलं नाही. इथे रजिस्टर 96 लाख दाखवत होतं, म्हणजे 12 लाखांचा फरक, बरोबर तीन माणसांच्या विक्रीइतका.

रेंज सुधारल्यावर G29 झालं 1,45,000 आणि 96 लाखांचे 1.5% होतात 1,44,000. आता 1,000 चा फरक उघडा पडला, जो डॉलरच्या चुकीचा आहे, एकाला 2,000 जास्त आणि एकाला 1,000 कमी. म्हणजे रेंजची चूक डॉलरची चूक झाकून बसली होती. म्हणून क्रम असा ठेवा, आधी सगळ्या रेंज नीट करा आणि मग फॉर्म्युले तपासा. आणि हेही लक्षात ठेवा की विक्रीचे आकडे जरा वेगळे असते तर जास्त आणि कमी एकमेकांत वजा होऊन फरक शून्यही आला असता, तेव्हा टॅली जुळलं म्हणून प्रत्येक ओळ बरोबर असं होत नाही.

फॉर्म्युले तपासायला एक एक सेल क्लिक करत बसू नका, 24 ओळींत जमेल, 2,400 मध्ये डोळे जातील. G5 वर क्लिक करून G28 पर्यंत सिलेक्ट करा, पांढरा सेल G5 च राहू द्या, आणि Ctrl+Shift+\ दाबा. मेनूतून जायचं तर F5, मग Special, मग Column differences. जे सेल G5 सारखे नाहीत तेवढेच सिलेक्ट होतात, इथे G26 ते G28. तुलना करताना एक्सेल फॉर्म्युल्याची अक्षरं बघत नाही तर त्याची रचना बघतं, म्हणजे F5 आणि F6 वेगळे दिसत असले तरी दोन्ही आपल्या डावीकडचा सेल असल्याने ते सारखेच धरतं. कोणी मध्येच फॉर्म्युल्यावर हाताने आकडा टाईप केला असेल तर तोही यात पकडला जातो. आडव्या ओळीसाठी Ctrl+\ आहे. रंग देऊन ठेवा लगेच, नाहीतर दुसरीकडे क्लिक केलं की सिलेक्शन जातं.

लोक विचारतात की तो कोपऱ्यातला हिरवा त्रिकोण आहे ना, तो सांगतोच की. सांगतो, पण अर्धवट. आजूबाजूचे सगळे सारखे आणि मधला एकच वेगळा असेल तर तो चांगला पकडतो. ओळीने तीन-चार सेल एकाच प्रकारे चुकले असतील तर ते आपसात सारखेच असतात, मग त्रिकोण येईलच याची खात्री नाही. टोटलला लागून असलेले आकडे रेंजबाहेर राहिले तरी तो इशारा देतो, पण मध्ये एक रिकामी ओळ आली की त्याला काही कळत नाही, आणि आधीच्या माणसाने Ignore Error केलं असेल तर तुम्हाला तो दिसतच नाही. तेव्हा त्रिकोण असेल तर नक्की बघा, पण नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

एक चूक मात्र Column differences ला पण सापडत नाही. समजा G5 पासूनच `=F5*K2` लिहून पूर्ण कॉलम ओढला असेल, तर सगळे सेल रचनेने सारखेच, फरक काहीच दिसणार नाही. तिथे शेवटच्या सेलवरचं F2 च कामी येतं, नाहीतर R1C1 मोड. File > Options > Formulas मध्ये `R1C1 reference style` ची टिक लावा, मग बरोबर फॉर्म्युला असा दिसतो आणि चुकीचा त्याच्याखाली लिहिलाय तसा:

```
=RC[-1]*R2C11
=RC[-1]*R[-3]C[4]
```

चौकोनी कंसातला आकडा म्हणजे "इथून इतक्या अंतरावर", कंस नसलेला म्हणजे पक्का पत्ता. दर कायम एकाच सेलमध्ये असतो, मग त्याच्या पत्त्यात चौकोनी कंस दिसला की समजा डॉलर राहिलाय. उलटही होतं, `=$F$5*$K$2` असं दोन्हीकडे डॉलर मारून ओढतात आणि सगळ्यांना पहिल्या माणसाचंच इन्सेंटिव्ह लागतं, ते मात्र एकच आकडा खालपर्यंत दिसल्याने पटकन लक्षात येतं. गूगल शीट्समध्ये काम करत असाल तर तिथे Ctrl+` दाबून सगळे फॉर्म्युले उघडे करा आणि वरून खाली नजर फिरवा, एक्सेलमध्येही हे चालतं.

रेंजबद्दल अजून एक, कारण ते जगभर गाजलेलं प्रकरण आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या 2010 च्या पेपरमध्ये देशांच्या वाढीची सरासरी ओळ 30 ते 49 ची हवी होती, ती घेतली गेली 30 ते 44 ची, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून ते आपल्या प्राध्यापकांसोबत दाखवून दिलं. जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ पेपरमध्ये उणे 0.1% होती, त्यांच्या हिशोबाने ती 2.2% आली. हा सगळा फरक त्या रेंजचा नव्हता, काही वर्षांचा डेटा वगळणं आणि देशांना वजन देण्याची पद्धत यांचा वाटा मोठा होता, रेंजमुळे साधारण 0.3 टक्के बिंदू गेले. पण बघण्यासारखं हे की तो फॉर्म्युला AVERAGE चा होता. SUM मधून ओळी सुटल्या तर टोटल निदान कमी येते आणि कोणीतरी विचारतं. AVERAGE मधून सुटल्या तर उत्तर तितपतच दिसतं, ते कोणाला खटकणार? म्हणून सरासरीच्या शेजारी मी नेहमी `=COUNT(G5:G28)` लावते, त्याच रेंजचा, आणि तो आकडा माणसांच्या यादीशी मोजून बघते. टेक्स्ट झालेले आकडे COUNT मोजत नाही, त्यामुळे रेंज बरोबर असूनही बाहेर राहिलेल्या ओळी याच्यातच कळतात.

शीट तुम्हीच बनवणार असाल तर दोन गोष्टी सुरुवातीलाच करून टाका. K2 वर उभं राहून फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या नावाच्या चौकटीत, म्हणजे Name Box मध्ये, `FieldRate` लिहून एंटर मारा, मग फॉर्म्युला `=F5*FieldRate` होतो आणि कितीही ओढा, डॉलरचा प्रश्नच नाही. आणि टोटलच्या वर एक बारीक, राखाडी, रिकामी ओळ ठेवून ती रेंजच्या आत घ्या, म्हणजे डेटा 28 पर्यंत, 29 रिकामी, आणि टोटल ओळ 30 मध्ये `=SUM(G5:G29)`. नवीन माणूस आला की राखाडी ओळीवर राइट क्लिक करून इन्सर्ट, ती ओळ रेंजच्या आतच पडते. डेटाचं Ctrl+T ने टेबल केलं तर हे आपोआपच होतं, पण बऱ्याच ऑफिसात मर्ज केलेल्या हेडिंगच्या जुन्या शीट असतात तिथे टेबल नीट बसत नाही, तिथे राखाडी ओळच बरी, फक्त तिच्यात कोणी काही टाईप करू नये म्हणून A कॉलममध्ये "या ओळीच्या वर इन्सर्ट करा" असं लिहून ठेवा.