चार संच, एकच पेपर: बहुपर्यायी चाचणीच्या तयारीची यादी

दहावीच्या विज्ञान भाग 1 ची 40 गुणांची बहुपर्यायी चाचणी, वेळ एक तास, मुलं 64 आणि संच चार, असं धरून लिहितो. प्रश्न चारही संचांत तेच, फक्त क्रम वेगळा. ऐकायला दहा मिनिटांचं काम वाटतं आणि बहुतेक जण ते दहा मिनिटांतच उरकतात. मग कुणाच्या संचात पहिल्याच पानावर गुरुत्वाकर्षणाची तीन उदाहरणं येतात, कुणाला तीच शेवटच्या पाच मिनिटांत भेटतात. प्रश्न सारखे होते म्हणून पेपर सारखा होत नाही. कठीण उदाहरण सुरुवातीला आलं की मूल त्यावर सहा मिनिटं घालवतं आणि शेवटचे सोपे प्रश्न वाचायचेच राहतात. प्रश्न कुठे बसलाय, हाही त्याच्या काठिण्याचा भाग असतो. खालची सगळी खटपट तेवढ्यासाठीच.

चाचणीच्या आठवडाभर आधी प्रश्न पक्के झालेले हवेत, आणि प्रत्येकासमोर सोपा, मध्यम किंवा कठीण असा शेरा हवा. हा शेरा एकट्याच्या अंदाजाने मारू नका. मागच्या वर्षी वापरलेला प्रश्न असेल तर जुन्या उत्तरपत्रिका काढून किती मुलांचा बरोबर आला ते मोजा. 60 पैकी 51 जणांचा आला असेल तर 0.85, म्हणजे सोपा. मी 0.7 च्या वर सोपा, 0.4 ते 0.7 मध्यम आणि त्याखाली कठीण धरतो. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी 0.25 येतात, त्यामुळे 0.25 च्या आसपासचा प्रश्न कठीण नसून बहुधा गोंधळाचा असतो. तो सरळ काढून टाकतो. प्रश्न नवा असेल तर तोच विषय शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाकडून वेगळा शेरा घ्या. दोघांचं जमलं नाही, तर प्रश्न मध्यम धरा.

आता 40 प्रश्नांचे दहा-दहाचे चार गठ्ठे करा. आपल्याकडे 16 सोपे, 16 मध्यम, 8 कठीण असतील, तर प्रत्येक गठ्ठ्यात 4 सोपे, 4 मध्यम, 2 कठीण. गठ्ठे धड्यानुसार पाडायचा मोह होतो, तो टाळा. गुरुत्वाकर्षणाचा एक, उष्णतेचा एक, प्रकाशाच्या अपवर्तनाचा एक असं केलं की उदाहरणं एकाच गठ्ठ्यात साचतात, आणि तो गठ्ठा ज्याच्या शेवटी येईल त्याची धावपळ. माझ्या चाचणीत आकडेमोडीची 12 उदाहरणं असतात, ती गठ्ठ्यागणिक 3 वाटून टाकतो. प्रत्येक गठ्ठा स्वतःच एक छोटा पेपर वाटला पाहिजे. शंका असेल तर घड्याळ लावून चारही गठ्ठे स्वतः सोडवा. एकाला इतरांपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागली, तर एखादं उदाहरण हलवा.

गठ्ठ्यांना मी लाल, निळा, हिरवा, पिवळा अशी नावं देतो, कारण स्प्रेडशीटमध्ये ओळी त्याच रंगात रंगवता येतात. संच 1 मध्ये लाल, निळा, पिवळा, हिरवा हा क्रम. संच 2 मध्ये निळा, हिरवा, लाल, पिवळा. संच 3 मध्ये हिरवा, पिवळा, निळा, लाल. संच 4 मध्ये पिवळा, लाल, हिरवा, निळा. नीट पाहिलं तर प्रत्येक रंग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी एकेकदाच येतो, आणि एका रंगामागे तोच दुसरा रंग दोनदा येत नाही. ही मांडणी मुद्दाम घेतली आहे. नुसतं चक्र फिरवलं, म्हणजे संच 2 ची सुरुवात अकराव्या प्रश्नापासून केली, तर पोरं पहिल्या दहा मिनिटांत ओळखतात. "तुझ्या पाचव्याचं काय?" "तुझा पंधरावा बघ." झालं.

गठ्ठ्याच्या आतही क्रम मोकाट सोडायचा नाही. मी आत तीन कुंपणं घालतो. पहिल्यात 2 सोपे प्रश्न, दुसऱ्यात 2 सोपे आणि 2 मध्यम, तिसऱ्यात 2 मध्यम आणि 2 कठीण. क्रम बदलायचा तो कुंपणाच्या आतच. एवढं बांधूनही एका गठ्ठ्याचे 1152 वेगवेगळे क्रम होतात, म्हणजे चार संचांना कमी पडायचा प्रश्नच नाही. आणि कुठलाही संच उघडला तरी पहिले दोन प्रश्न सोपेच निघतात.

फेरफार करण्याआधी एकमेकांना उत्तर पुरवणारे प्रश्न शोधा. माझ्याकडे एक प्रश्न होता: पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट केलं तर वस्तूवरचं गुरुत्वीय बल किती पट होईल? आणि दुसरा: पृष्ठभागापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर g चं मूल्य किती? दुसऱ्याचं उत्तर 2.45 m/s², पण बरीच मुलं 4.9 वर खूण करतात, कारण दुप्पट अंतर म्हणजे निम्मं असं डोक्यात असतं. पहिला प्रश्न आधी भेटला की एक चतुर्थांश ताजं असतं आणि दुसरा सोपा होतो. क्रम उलटा झाला की तोच प्रश्न पुन्हा कठीण. असे दोन एकाच पेपरात नसले तर उत्तमच. ठेवायचेच असतील तर दोन्ही एकाच गठ्ठ्यात, पहिला दुसऱ्या कुंपणात आणि दुसरा तिसऱ्या कुंपणात टाका. मग चारही संचांत कोण आधी येणार हे ठरलेलं राहतं. एकाच परिपथाच्या आकृतीवरचे दोन प्रश्न मात्र वेगळे करायचेच नाहीत. त्यांना एका कुंपणात सलग क्रमांक हाताने द्या.

पर्यायांचा क्रमही संचागणिक बदलावा, नाहीतर बोटांच्या खुणेने "क" सांगता येतो. पण आकड्यांचे पर्याय चारही संचांत चढत्या क्रमानेच ठेवा. 1.225, 2.45, 4.9, 9.8 हे विस्कटले की मुलं विनाकारण अडखळतात. "वरीलपैकी सर्व" हा पर्याय शेवटीच शोभतो आणि "अ आणि ब दोन्ही" असा पर्याय असलेला प्रश्न तर फिरवताच येत नाही. तो नव्याने लिहा.

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक संचाला वेगळं पान करा. त्यात मूळ क्रमांक, गठ्ठ्याची जागा, कुंपण आणि एका स्तंभात `=RAND()` हवं. आधी गठ्ठ्याच्या जागेनुसार, मग कुंपणानुसार, मग यादृच्छिक आकड्यानुसार क्रम लावायचा. लावून झाला की लगेच सगळं कॉपी करून फक्त मूल्यं पेस्ट करा. एकदा मी संचाचं पान सूत्रावरच टांगतं ठेवलं. रात्री प्रश्न छपाईला दिले, सकाळी उत्तरसूची काढायला फाइल उघडली, तोवर RAND ने नवे आकडे काढून क्रम पुन्हा बदलला होता. छापील पेपर समोर ठेवून चारही सूची हाताने लिहाव्या लागल्या.

मुख्य पानावर बरोबर पर्यायाचं अक्षर लिहू नका, उत्तराचा मजकूर लिहा. संचाच्या पानावर C ते F मध्ये त्या संचातले चार पर्याय आणि G मध्ये बरोबर उत्तराचा मजकूर असेल, तर

```
=MATCH(G2, C2:F2, 0)
```

हे सूत्र तो कितव्या जागी आहे ते सांगतं. 1 म्हणजे अ, 2 म्हणजे ब. #N/A आलं तर मजकूर जुळत नाही, बहुतेक वेळा मागे एखादी मोकळी जागा राहिलेली असते. ही चूक आत्ता दिसते हे बरं, निकालाच्या दिवशी नाही. मग प्रत्येक संचात कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजा. एका संचात "ब" 16 वेळा आणि दुसऱ्यात 7 वेळा असं असेल, तर अंदाजाने खुणा करणाऱ्याचं नशीब संचावर ठरेल. साधारण आठ ते बारा चालतं.

छपाईआधी चारही संच कागदावर काढून पानं उलटून पाहा. एका संचात परिपथाची आकृती पानाच्या तळाशी आणि तिचा प्रश्न पाठीमागे गेला, तर तो संच कठीण झालाच. संच क्रमांक प्रत्येक पानावर हवा, कारण पिन निघते. संचांना 1, 2, 3, 4 म्हणतो ते पर्यायांच्या अ, ब, क, ड शी घोळ होऊ नये म्हणून.

वाटपात सगळ्यात जास्त फसगत होते. छापील पेपर संच 1, 2, 3, 4 असे लावून ओळीने वाटत गेलो आणि ओळीत चारच मुलं असली, की प्रत्येकाच्या पुढे-मागे त्याच्याच संचाचं मूल येतं. म्हणून पहिल्या ओळीला 1, 2, 1, 2, दुसऱ्या ओळीला 3, 4, 3, 4, तिसरी पुन्हा पहिल्यासारखी. शेजारी, पुढे, मागे, तिरकस, कुणाकडेही आपला संच नसतो. 64 मुलं, चार जणांच्या सोळा ओळी, म्हणजे प्रत्येक संच 16 जणांना. गैरहजर मुलाच्या बाकावर त्याचा पेपर पालथा ठेवून पुढे जायचं, पुढच्याला सरकवायचा नाही. बैठकीचा आराखडा जपून ठेवा.

तपासून झाल्यावर संचांची सरासरी काढाल, तेव्हा घाबरू नका. गुणांचं विखुरलेपण, म्हणजे प्रमाण विचलन, 6 च्या आसपास असेल, तर 16-16 मुलांच्या दोन संचांच्या सरासरीत चार गुणांपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. तेवढ्यावरून एखाद्या संचाला वाढीव गुण देऊ नयेत. त्यापेक्षा मूळ क्रमांकाप्रमाणे एकेक प्रश्न चारही संचांत बघा. तीन संचांत 16 पैकी 12-13 जणांचा बरोबर आणि चौथ्यात दोघांचाच, तर त्या संचाची उत्तरसूची किंवा छपाई चुकली आहे. छापील पेपर काढून तो प्रश्न वाचा, चूक सूचीत असेल तर सूची सुधारून तो संच पुन्हा तपासा, छपाईत असेल तर तो प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द करा.

एक-दोन मुलं संच क्रमांक लिहायला विसरतातच. आराखड्यावरून तो कळतो, पण बाक बदलले असतील तर त्याची उत्तरं चारही सूच्यांशी ताडून बघा. चुकीच्या सूचीवर दहाच्या आसपास गुण येतात, त्याच्या स्वतःच्या संचावर पंचवीस-तीस. मुलालाच दहा पडत असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही. त्याला बोलावून पेपर दाखवा आणि पहिला प्रश्न कोणता होता ते विचारा.