कमरेचं इलॅस्टिक नेफ्यात पिळ पडू नये म्हणून काय करायचं

घरी शिवलेल्या प्लाझो किंवा पायजम्याचं इलॅस्टिक दोन-चार धुण्यांतच आत पिळ खातं, नाहीतर बसलं की वरची कड गुंडाळून खाली येते. दोष बहुतेक वेळा इलॅस्टिकच्या लांबीत नसतो, नेफा इलॅस्टिकपेक्षा किती रुंद ठेवलाय यात असतो. जास्त सैल नेफ्यात इलॅस्टिकला आत उलटायला जागा मिळते, आणि फार घट्ट नेफ्यात ते सपाट बसत नाही, कडेने दुमडतं.

उदाहरण घेऊ सुती प्लाझोचं, कंबर ३० इंच, हिप ४० इंच, आणि कापडाचा वरचा घेर ४२ इंच.

आधी इलॅस्टिक. दुकानात हातात घेऊन जोरात ताणून बघा, ताणल्यावर त्याची रुंदी कमी होत असेल तर ते वेणीसारखं तिरकं विणलेलं असतं, बाही किंवा फ्रिलला चालेल पण कमरेला नको, कारण बारीक झालं की नेफा आपोआप सैल पडतो आणि पिळ सुरू. ताणूनही रुंदी तेवढीच राहणारं, जरा कडक घ्या, किंवा सरळ नॉन-रोल मागा, त्यात आडव्या कडक रेघा असतात त्यामुळे ते उभं दुमडत नाही. मोठ्या माणसाच्या कमरेला १ इंच रुंदी बरी पडते. अर्धा इंच काचतं, आणि दीड-दोन इंचाचं साधं मऊ इलॅस्टिक खाली बसलं की पोटाशी दुमडतं, एवढा रुंद पट्टा हवाच असेल तर एका रुंद नेफ्याऐवजी दोन बारीक नेफे टीप मारून करा आणि दोन बारीक इलॅस्टिकं घाला.

लांबी कमरेपेक्षा ३ इंच कमी, म्हणजे २७, जोडायला १ इंच धरून २८ कापा. कापायच्या आधी कमरेला गुंडाळून बसून-उठून बघा, कडक इलॅस्टिकला इतकं कमी केलेलं सोसत नाही, आणि ताणून ४० इंचाच्या हिपवरून जातंय ना तेही बघाच. फार घट्ट असेल तर ते पोटात रुततं आणि मग कड गुंडाळते, तिथे नेफा कितीही नीट असला तरी उपयोग नाही.

आता नेफा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. १ इंच इलॅस्टिकला आतली मोकळी जागा १ इंच १ सूत, बस. वरच्या घडीपासून १ सूतावर एक टीप, खालच्या कडेपासून १ सूत वर दुसरी, आणि आत दुमडायला २ सूत, सगळं मिळून १ इंच ५ सूत कापड कमरेच्या वर जास्त ठेवायचं. हा भाग बाजूने तिरका नको, सरळ उभा कापा, नाहीतर दुमडल्यावर आतली कड आणि बाहेरचा घेर जुळत नाहीत आणि चुण्या पडतात. सुती कापड आधी धुऊन घेतलेलं असू द्या.

नेफ्याच्या जागी शिलाईची कापडं उघडून इस्त्री करा आणि दोन टाक्यांनी चिकटवून टाका, नाहीतर सेफ्टी पिन नेमकी तिथेच अडकते. मग २ सूत आत दुमडून इस्त्री, उरलेलं दुमडून परत इस्त्री, खालची टीप मारताना मागच्या बाजूला २ इंच जागा सोडायची, आणि वरची टीप मात्र पूर्ण गोल मारायची. ही वरची टीप बरेच जण टाळतात, पण जागा बांधून ठेवणारी तीच आहे.

इलॅस्टिकच्या एका बाजूवर पेनाने रेघ ओढा, एका टोकाला ओवायची सेफ्टी पिन लावा, दुसरं टोक कापडाला पिनने अडकवून ठेवा, आणि ओवताना रेघ सतत बाहेरच्या बाजूला राहील असं बघा. दोन्ही टोकं बाहेर काढून रेघ जुळवा, १ इंच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा. चुण्या सारख्या पसरवून झाल्या की जागा बंद करा.

शेवटी कंबर ताणून धरून दोन्ही बाजूंच्या आणि मागच्या मधल्या शिलाईच्या खोबणीतून नेफ्यावर उभी टीप मारा, इलॅस्टिक तिथे धरलं जातं. मुलांच्या कपड्यात मी ही टीप मारत नाही, वर्षभरात इलॅस्टिक सैल करायचंच असतं आणि तीन ठिकाणी उसवत कोण बसणार!

शिवलेल्या जुन्या कपड्यात पिळ पडला असेल तर नेफा बोटांनी चाचपत जा, जिथे गोल दोरीसारखं लागतं तिथे पिळ आहे. दोन्ही बाजूंनी ताणून सरळ होत असेल तर करा आणि लगेच उभी टीप मारा. परत परत होत असेल तर खालची टीप न उसवता तिच्या १-२ सूत वर, कंबर ताणून धरून नवी टीप मारा, फक्त सुई इलॅस्टिकमधून जाऊ देऊ नका.