आउटरनर की इनरनर: ब्रशलेस मोटर कशी निवडावी आणि गिअर कधी लावावा

रिवाइंडिंगच्या दुकानात छताचा पंखा उघडलेला तुम्ही पाहिला असेल. मधला तांब्याच्या गुंडाळीचा भाग दांड्याला पक्का बसवलेला असतो, तो हलत नाही. फिरते ते बाहेरचे कवच आणि त्याला लावलेली पाती. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरीत नेमके उलटे असते. तिथे गुंडाळी कवचाला आतून चिकटून स्थिर राहते आणि मधला रोटर फिरतो. छोट्या ब्रशलेस मोटरींत हेच दोन घाट आहेत. पंख्यासारखी ती आउटरनर, पंपासारखी ती इनरनर.

दोन्ही मोटरी विजेवर सारख्याच तत्त्वाने चालतात, म्हणून नवखा माणूस वजन आणि वॅट पाहून कोणतीही उचलतो. पण एकच पंखा एका मोटरीवर थेट छान फिरतो आणि दुसरीवर थेट लावला तर मोटर काही सेकंदांत जळते. असे का होते आणि ते आधीच कसे ओळखायचे, हे मी एकाच उदाहरणातून दाखवतो. साधारण ८०० ग्रॅमचे फोमचे विमान, पुढे १०×५ इंची प्रोपेलर आणि तीन सेलची लिपो बॅटरी, जी भाराखाली साधारण ११ व्होल्ट देते.

पायरी १: मोटर बाजूला ठेवा, आधी प्रोपेलरची मागणी काढा

निवड मोटरीपासून सुरू करू नका. जे फिरवायचे आहे त्याला किती फेरे आणि किती टॉर्क हवा, ते आधी ठरवा. १०×५ चा सडपातळ इलेक्ट्रिक प्रोपेलर मिनिटाला ८००० फेऱ्यांवर दांड्यावर साधारण ११० वॅट मागतो. कंपनीनुसार हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. त्यावरून टॉर्क काढणे सोपे आहे:

```
T = 9.55 × P / rpm
T = 9.55 × 110 / 8000 = 0.131 Nm
```

मोटर कोणत्याही घाटाची असो, प्रोपेलरच्या दांड्यावर हा ०.१३१ न्यूटन-मीटर पोहोचलाच पाहिजे.

पायरी २: केव्ही वाचा आणि अँपिअरपर्यंत पोहोचा

मोटरीवर लिहिलेला केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. बिनभाराच्या मोटरीला एक व्होल्ट दिला तर ती मिनिटाला किती फेरे घेईल, तो हा आकडा. याच आकड्यात टॉर्कही दडलेला असतो, कारण एका अँपिअरमागे मिळणारा टॉर्क केव्हीच्या व्यस्त प्रमाणात असतो:

```
Kt = 9.55 / Kv
I  = T / Kt
```

भाराखाली मोटर बिनभाराच्या वेगाच्या साधारण ८० टक्क्यांवर चालली, तर ती निकोप चालते. म्हणून ८००० भागिले ११, भागिले ०.८. उत्तर येते सुमारे ९००. म्हणजे या प्रोपेलरला थेट जोडायची मोटर ९०० केव्हीच्या आसपासची हवी.

९०० केव्हीला Kt येतो ०.०१०६. मग ०.१३१ टॉर्कसाठी सुमारे १२.४ अँपिअर लागतील. मोटर नुसती फिरती ठेवायला लागणारा अर्धा-एक अँपिअर धरला की सुमारे १३. ही मागणी २२१२ आकाराची साधी आउटरनर सहज भागवते. (इथे २२ मिमी हा स्टेटरचा, म्हणजे स्थिर गुंडाळीच्या भागाचा, व्यास आहे आणि १२ मिमी त्याची उंची. बाहेरून ती २८ मिमीच्या जवळपास भरते. काही कंपन्या मात्र बाहेरचेच माप छापतात, म्हणून आकडा वाचल्यावर कॅलिपर लावून खात्री करावी.)

आता त्याच २८ मिमी जाडीची ३६०० केव्हीची इनरनर घ्या. तिचा Kt ०.००२६५. प्रोपेलर थेट लावून ८००० फेऱ्यांवर धरला तर ४९ अँपिअर लागतात. गुंडाळीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १३ अँपिअरला होते त्याच्या चौदापट. शिवाय मोटर ८००० वर थांबायला तयार नसते. तिला ११ व्होल्टवर ३९,६०० कडे जायचे असते, प्रोपेलर तिला जाऊ देत नाही आणि करंट ४९ च्याही वर चढतो. वास यायला वेळ लागत नाही.

हे का घडते?

टॉर्क जन्म घेतो तो स्टेटर आणि चुंबकांमधल्या बारीक फटीत. ती फट मध्यापासून जितकी दूर, तितका हात लांब. शिवाय परीघ वाढल्याने चुंबकांना जागाही जास्त मिळते. दोन्ही मिळून, सारख्या लांबीच्या मोटरीत टॉर्क फटीच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २८ मिमीच्या आउटरनरमध्ये ही फट २२ मिमी व्यासावर असते. तेवढ्याच जाडीच्या इनरनरमध्ये बाहेरची बरीच जागा गुंडाळी आणि लोखंड खातात आणि मधल्या रोटरला १२ ते १४ मिमी उरतात. २२ भागिले १३, त्याचा वर्ग, जवळजवळ तीन. मिलिमीटरमागे टॉर्क तिप्पट झाला तो केवळ घाटामुळे, चुंबक महाग घेतल्यामुळे नव्हे.

दुसरे कारण मला जास्त आवडते. २२१२ मध्ये १४ चुंबके असतात, म्हणजे ध्रुवांच्या सात जोड्या. मोटरीला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणाऱ्या ईएससीने विजेचे सात फेरे पुरवले की दांडा एकच फेरा घेतो. ८००० फेऱ्यांना वारंवारता येते ९३३ हर्ट्झ. चार ध्रुवांची इनरनर ३२,००० फेऱ्यांवर चालवली तर १०६७ हर्ट्झ. आतल्या लोखंडाला दोन्हीकडे जवळजवळ सारखीच धावपळ आहे, फरक फक्त दांड्याच्या वेगात. जे काम इनरनर बाहेरच्या दात्यांच्या गिअरने करते, त्यातला मोठा वाटा आउटरनर चुंबकांच्या संख्येतून करते.

याची किंमतही आहे. तीच १४ चुंबकांची मोटर ३२,००० वर नेली तर वारंवारता ३७०० हर्ट्झच्या वर जाते आणि लोखंड बिनभारानेही तापते. ईएससीच्या माहितीपत्रकातली वेगमर्यादा यासाठीच वाचायची. दोन ध्रुवांसाठी २,१०,००० असेल तर बारा ध्रुवांना ती ३५,००० वर येते आणि चौदांना ३०,००० वर. शिवाय आउटरनरचे फिरते कवच वाटीसारखे असते, एकाच टोकाला धरलेले. फार वेगात त्याचे उघडे टोक थरथरते. इनरनरचा रोटर बारीक, दोन्ही टोकांना बेअरिंगवर बसलेला असतो. तिथे वेग निभतो. तिची गुंडाळीही बाहेरच्या कवचाला टेकलेली असल्याने उष्णता सरळ बाहेर जाते. आउटरनरची गुंडाळी मध्ये कोंडलेली असते, म्हणून विमानाच्या नाकात हवेला आत यायला वाट ठेवा आणि बाहेर पडायला त्याहून मोठी.

पायरी ३: इनरनरच हाताशी असेल तर गिअर काढा

केव्हीला गिअरच्या प्रमाणाने भागा, की प्रोपेलरला दिसणारा केव्ही मिळतो. ३६०० भागिले ९०० म्हणजे ४. मोटरीवर १५ दात्यांचे छोटे चाक, म्हणजे पिनियन, आणि प्रोपेलरच्या दांड्यावर ६० दात्यांचे चाक, झाले ४:१. मोटर आता ३२,००० वर फिरते. तिच्या वाट्याला टॉर्क चौथाई येतो, त्यात गिअरचे घर्षण पाच टक्के धरू. म्हणजे ०.०३४५ न्यूटन-मीटर. करंट १३ अँपिअर, आणि एवढ्या वेगात बिनभाराचा खर्च जास्त म्हणून एकूण सुमारे १५. चौदापट उष्णतेचा प्रश्न दोन चाकांनी मिटला.

दात्यांची पकड बसवताना वहीच्या कागदाची पट्टी पिनियन आणि चाकाच्या मध्ये घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि चाक फिरवून पट्टी बाहेर काढा. तिच्यावर सुबक वळ्या उमटल्या असतील पण ती फाटली नसेल, तर पकड बरोबर. चाक पूर्ण एक फेरा फिरवून पाहा, कुठेही अडता कामा नये. पकड घट्ट असेल तर आवाज किंचाळल्यासारखा येतो आणि बिनभाराचा करंट वाढतो. सैल असेल तर थ्रॉटल सोडताना खडखड ऐकू येते आणि थोड्याच दिवसांत प्लॅस्टिकच्या चाकाचे दाते झिजून टोकदार होतात.

पायरी ४: बसवणे आणि पाच सेकंदांची चाचणी

आउटरनर बसवताना एक चूक माझ्या हातून झाली आहे. मागच्या पट्टीचे एम३ स्क्रू मी दोन मिलिमीटर लांब वापरले. त्यांची टोके गुंडाळीच्या लाखेत रुतली आणि पहिल्याच जोरात ईएससी गेला. तेव्हापासून स्क्रू आवळले की मल्टिमीटर लावतो: मोटरीचे कवच आणि तीनपैकी कोणतीही वायर यांच्यात बीप वाजता कामा नये. वायर फिरत्या कवचाला घासणार नाहीत अशा बांधा. इनरनरला हा त्रास नाही, तिचे कवच स्थिर असते आणि ती क्लॅम्पमध्येही धरता येते.

मग बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॅटमीटर लावा, विमान बांधून ठेवा आणि प्रोपेलरच्या मागे उभे राहा. त्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही नको. पूर्ण थ्रॉटल फक्त पाच सेकंद. आपल्या उदाहरणात १३ ते १५ अँपिअर आणि दीडशे वॅटच्या आसपास दिसायला हवे. टॅकोमीटर असेल तर फेरे मोजा. व्होल्ट गुणिले प्रोपेलरला दिसणारा केव्ही या आकड्याच्या ७० टक्क्यांखाली फेरे आले, तर प्रोपेलर मोठा आहे किंवा गिअर कमी आहे. बॅटरी काढून मोटरीला बोट लावा. दोन-तीन सेकंद ठेवता येत नसेल, तर तिथेच थांबा. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबके ८० अंशांपुढे कायमची कमजोर होऊ लागतात. हे नंतर ओळखता येते: त्याच व्होल्टवर बिनभाराचे फेरे वाढलेले आणि करंटही वाढलेला दिसतो.

मग इनरनर कुठे घ्यावी?

जिथे वेग हवाच आहे किंवा गिअर आधीपासून आहे तिथे. नळीत बसवलेल्या पंख्याला, म्हणजे डक्टेड फॅनला, ३०–४० हजार फेरे थेट हवे असतात. एक दशांश मापाच्या गाडीत पिनियन आणि मोठे चाक असतेच, आणि बंद कवचामुळे खडे-माती चुंबकांपर्यंत पोहोचत नाही. माझ्या मते मोठ्या, संथ प्रोपेलरसाठी आज गिअरच्या इनरनरचा खटाटोप बहुतेकांनी करू नये. आउटरनर हलकी पडते, शांत चालते आणि झिजायला दाते नसतात.

एक सोय मात्र गिअरवाल्यालाच मिळते. उद्या तुम्ही चार सेलची बॅटरी लावली, तर थेट जोडलेल्या ९०० केव्हीच्या मोटरीवर १०×५ चालणार नाही. प्रोपेलरची भूक वेगाच्या घनाने वाढते, म्हणून वॅट दुपटीहून वर जातात. प्रोपेलर आठ इंचांवर आणावा लागेल किंवा मोटरच बदलावी लागेल. गिअर असेल तर १५ च्या जागी १२ दात्यांचा पिनियन घाला. प्रमाण ५:१ होते, केव्ही ७२० दिसतो आणि प्रोपेलर तोच ठेवून फेरे ८५०० च्या आसपास राहतात. फक्त पिनियन लहान झाल्याने मोटर चाकाकडे सरकवावी लागते, तेव्हा तिच्या पट्टीची भोके लांबट ठेवा आणि कागदाची पट्टी पुन्हा घाला.