गॅदरिंगचं आभार प्रदर्शन: चाळीस नावांची यादी घेऊन माईकसमोर जाऊ नका

कॉलेजच्या वार्षिक संमेलनात आभार प्रदर्शन कुणाच्या गळ्यात पडतं? ज्याला निवेदन मिळालं नाही, नाटकात घेतलं नाही, पण नाराजही करायचं नाही, त्याच्या. मग आदल्या रात्री समितीतला प्रत्येक जण फोनवर दोन-चार नावं पाठवतो, आणि ही सगळी नावं वाचली की आभार झाले, असं समजून तो विद्यार्थी व्यासपीठावर चढतो. डिसेंबर ते फेब्रुवारी गोव्यात कुठल्याही तालुक्यात जा, हेच ऐकायला मिळतं.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: अर्धी यादी

फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजच्या यादीत चाळीस नावं होती. प्रमुख पाहुणे आणि सन्माननीय पाहुणे मिळून 2, संस्थेचे अध्यक्ष आणि सदस्य मिळून 5, प्राचार्य आणि उपप्राचार्य 2, प्राध्यापकांच्या समितीतले 7, विद्यार्थी मंडळातले 8, प्रायोजक 5, स्पर्धांचे परीक्षक 2, साउंड, मंडप, खाणं आणि फोटोवाले 4, शिक्षकेतर कर्मचारी 5.

हुद्द्यासकट एक नाव नीट उच्चारायला पाच सेकंद लागतात. म्हणजे नुसती नावंच तीन मिनिटं वीस सेकंदांची. त्यात प्रत्येक नावानंतर टाळ्या. पहिल्या सहा नावांना त्या जोरात होत्या, विसाव्याला पुढच्या दोन रांगांपुरत्या उरल्या. तोवर विंगेत फुगडीचा संच नऊवारी नेसून उभा होता, मागच्या बाकांवरची मुलं वडापावच्या खोक्यांकडे सरकली होती, आणि बोलणं संपलं असं वाटून साउंडवाल्याने मध्येच गाण्याचा ट्रॅक सुरू केला.

पण खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. विद्यार्थी मंडळात बारा जण होते आणि यादीत आठच. उरलेल्या चौघांपैकी दोघांनी आदल्या दुपारपासून खुर्च्या लावल्या होत्या. एकही नाव घेतलं नसतं तर त्यांना काही वाटलं नसतं. आठ घेतल्यामुळे चौघांना मुद्दाम वगळल्यासारखं झालं. लांब यादीने सगळे खूश होतात ही समजूत अगदी उलटी आहे. यादी जेवढी लांब, तेवढं राहिलेलं नाव जास्त ठळक.

म्हणून नियम एकच: कुठल्याही गटातली तीन-चार नावं घ्यायची नाहीत. एक तर गटप्रमुखाचं एकट्याचं घ्या, नाही तर गटाचं काम सांगा आणि नाव कुणाचंच नको. गट दोघांचाच असेल आणि त्यात कुणी प्रमुख नसेल, तर दोन्ही घ्या. याला अपवाद एकच. एखाद्याने असं काम केलं असेल जे दुसऱ्या कुणीच केलं नाही, तर त्याचं नाव त्या कामासकट घ्यायचं. मग तो गटाचा प्रतिनिधी म्हणून येत नाही, त्या कामाचा धनी म्हणून येतो आणि बाकीच्यांना राग येत नाही.

हा नियम त्या चाळीस नावांना लावून पाहा. पाहुणे दोघेही राहतात, ते बाहेरून आले आहेत. संस्थेतर्फे फक्त अध्यक्ष, कॉलेजतर्फे प्राचार्य. सात प्राध्यापकांऐवजी एकटे समन्वयक. विद्यार्थी मंडळातून सरचिटणीस. परीक्षक दोघेही, कारण गटच दोघांचा. साउंड, मंडप, खाणं, फोटो यांचं काम सांगायचं. शिक्षकेतरांपैकी एक शिपाई तालमींच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत थांबून सभागृह बंद करत होते. त्यांचं नाव त्या कामासाठी. झाली नऊ. पंचेचाळीस सेकंदांत नावं संपतात आणि कुणी काय केलं हे सांगायला दोन मिनिटं मिळतात.

प्रायोजकांची गोष्ट निराळी. जाहिरात किंवा देणगी घेताना दिलेलं पत्र आधी काढून बघा. "व्यासपीठावरून नामोल्लेख होईल" असं त्यात लिहिलं असेल, तर पाचही नावं घ्यावीच लागतात, पण ती निवेदकाने बक्षीस वितरणाच्या आधी वाचावीत. लिहिलं नसेल, तर "मागच्या फलकावर ज्यांची नावं आहेत ते आमचे पाचही प्रायोजक" एवढं पुरे. पत्र न बघता ठरवणारे नंतर दुकानदाराच्या शिव्या खातात, आणि त्या योग्यच असतात.

टाळ्यांचंही सुरुवातीलाच सांगून टाका: "टाळ्या शेवटी एकदाच वाजवू या, म्हणजे सर्वांना सारख्या मिळतील." एवढ्या वाक्याने अर्धा-एक मिनिट वाचतं.

दुसरी: पाहुण्यांचे गुळगुळीत आभार

"आपल्या व्यस्त वेळापत्रकातून अमूल्य वेळ काढून मोलाचं मार्गदर्शन केल्याबद्दल." हे वाक्य पाहुण्यांनी इतक्या ठिकाणी ऐकलेलं असतं की त्यांना ते पाठ असतं. आभार पूर्ण लिहून आणलेले असले की दुसरं काही सुचणारही नाही. कागदावर पाहुण्यांच्या नावाखाली दोन ओळी कोऱ्या सोडा. ते बोलत असताना पेन हातात ठेवा आणि त्यांच्या भाषणातली एक नेमकी गोष्ट टिपून घ्या: एखादा आकडा, गावाचं नाव, त्यांनी सांगितलेला अनुभव. तेच वाक्य आभारात. सगळं भाषण थोडक्यात परत सांगायला जाऊ नका. ती आणखी वाईट खोड आहे. पाहुणे जेमतेम दोन वाक्यं बोलून बसले, तर ते कार्यक्रमात कुठे थांबले, कुठलं प्रदर्शन पाहिलं, यातलं काही घ्या.

याच जातीचं दुसरं वाक्य म्हणजे "आभार न मानता आम्ही त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करू." आभारच मानायचे नव्हते तर माईकपर्यंत आलात कशाला? आणि "अनवधानाने कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व" हे तर कायमचं काढून टाका. ते ऐकताक्षणी प्रत्येक जण आपलं नाव घेतलं होतं का हे आठवायला लागतो. नावं कामानुसार निवडली असतील तर राहून जाण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी: नाव चुकीचं वाचणं

गोव्यात हा धोका जास्त, कारण याद्या ऑफिसातून रोमी लिपीत येतात आणि अनेक आडनावांचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं असतं. सुरुवातीचा 'एक्स' हा 'श' असतो. 'एन' आणि 'एच' जोडून आले की 'न्य' म्हणायचं: नोरोन्या, मास्कारेन्यस. परबांना कागदावरून 'पोरोब' आणि पैंना 'पोय' म्हणणारे वक्ते दर वर्षी निघतात, तेही इथेच जन्मलेले. ज्या आडनावाबद्दल शंका असेल ते त्या माणसालाच किंवा त्याच्या सहकाऱ्याला विचारा आणि कागदावर देवनागरीत, कानाला ऐकू येतं तसं लिहा. हुद्दा निमंत्रणपत्रिकेवरून घ्या, आठवणीतून नको. 'डॉक्टर'चं 'प्राध्यापक' झालं तरी माणसं मनात ठेवतात.

वेळ आणि क्रम

क्रम बाहेरून आत: पाहुणे, परीक्षक, संस्था, प्राचार्य, समन्वयक, पडद्यामागचे, विद्यार्थी, शेवटी प्रेक्षक. आपल्या मित्रापासून सुरुवात करायची नाही, बस्स.

आभार कुठे ठेवायचे यावर मात्र समित्या उगाच भांडतात. औपचारिक सत्र चारला, त्यानंतर बक्षिसं, मग सांस्कृतिक कार्यक्रम, असा बेत असेल आणि पाहुणे बक्षिसांनंतर निघणार असतील, तर आभार बक्षिसांनंतर लगेच. रात्रीच्या शेवटच्या नाचानंतर ठेवलेले आभार रिकाम्या खुर्च्यांना ऐकवावे लागतात, कारण कदंबची शेवटची बस पकडायला अर्धी मुलं निघून गेलेली असतात. कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल तर दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. लांबलेल्या कार्यक्रमात सगळ्यात आधी आभारच कापले जातात. आणि दोनदा आभार, एकदा सत्रानंतर आणि एकदा रात्री, हे तर अजिबात नको.

लांबी तीन मिनिटं. व्यासपीठावरून सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे तीनशेच्या आसपास शब्द लिहा. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं आणि फसवतं.

मधला भाग कसा दिसावा

पाहुण्यांचे आणि प्राचार्यांचे आभार झाल्यावर, जिथे बहुतेकांची गाडी घसरते, तो भाग वरच्या यादीवरून असा होईल:

"या कार्यक्रमाची आखणी समन्वयक प्राध्यापक (नाव) यांनी केली. तीन वेळा बदललेलं वेळापत्रक त्यांनी तिन्ही वेळा न चिडता पुन्हा लिहिलं. तालमी संपेपर्यंत रोज रात्री थांबून सभागृहाला कुलूप लावणारे (नाव) यांच्यामुळे आम्हाला सराव करता आला. आवाज, मंडप, खाणं आणि छायाचित्रं सांभाळणारी मंडळी आत्ताही कामात आहेत, त्यांना जागेवरच धन्यवाद. सरचिटणीस (नाव) आणि संपूर्ण विद्यार्थी मंडळाने कालपासून खुर्च्या लावल्या आणि आज रात्री त्याच उचलायच्या आहेत. प्रायोजकांची नावं आपण मागच्या फलकावर पाहतच आहात. आणि शेवटपर्यंत बसून राहिलेल्या पालकांना आणि मित्रांना, देव बरें करूं."

यात नावं तीन आहेत, तरी खुर्च्या लावणाऱ्या बाराही जणांना आपण आलो असं वाटतं. शेवटचे कोंकणी शब्द चालतात कारण ते सभागृहाचे आहेत. पाहुण्यांना मराठी कळत नसेल, तर त्यांच्यापुरतं एक वाक्य त्यांना कळेल त्या भाषेत बोला. पण प्रत्येक परिच्छेद मराठी, कोंकणी, इंग्रजी असा तिनदा म्हटला तर तीन मिनिटांची नऊ होतात.

आभार पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर लिहा, एका बाजूला, दोन किंवा तीन कार्डं. फोनवरून वाचायचं नाही: पडदा मध्येच काळा होतो, आणि चेहऱ्यावर निळा उजेड पडून फोटो वाया जातात. व्यासपीठाकडे चालत असताना कुणी हातात चिठ्ठी कोंबलीच, तर ती खिशात ठेवा आणि त्या माणसाला कार्यक्रमानंतर जाऊन भेटा.

आभारानंतर लगेच राष्ट्रगीत असेल तर ते कोण जाहीर करणार हे निवेदकाशी आधी ठरवून घ्या. दोघांनाही तो दुसऱ्याचा प्रश्न वाटला, की आभार मानणारा माईक सोडून निघतो, निवेदक विंगेत असतो, आणि सगळे उभं राहायचं की बसायचं या विचारात पडतात. शेवटच्या कार्डाच्या तळाशी लाल शाईत लिहून ठेवा: "राष्ट्रगीतासाठी उभे राहू या." मग ट्रॅक सुरू होईपर्यंत माईकपाशीच थांबा.