सेव्हर की फ्लेक्स? आधी हा हिशोब करा

विमानाचं तिकीट काढताना सेव्हर, स्टँडर्ड, फ्लेक्स असे पर्याय समोर येतात आणि ‘असू दे, नऊशेच तर जास्त आहेत’ म्हणून आपण फ्लेक्सवर बोट ठेवतो. समजा, पुणे-दिल्ली सेव्हर ५,२०० ला आहे, फ्लेक्स ६,१०० ला. सेव्हरमध्ये तारीख बदलायला ३,००० लागणार असतील आणि फ्लेक्समध्ये काहीच नाही, तर दहापैकी तीनपेक्षा जास्त वेळा बेत बदलत असेल तरच फ्लेक्स परवडतं. भाचीच्या लग्नाची तारीख काही हलत नाही. तिथे सेव्हरच घ्या. कोर्टाची तारीख किंवा ऑफिसची मीटिंग असेल तर फ्लेक्स.

एक मेख मात्र आहे. फ्लेक्समध्ये सहसा फक्त बदलाचं शुल्क माफ होतं, भाड्यातला फरक नाही. नव्या तारखेचं तिकीट ८,००० ला असेल, तर वरचे पैसे भरावेच लागतात. रद्द केल्यावर किती परत मिळतात, तेही वेगळं वाचा.

फ्लेक्ससोबत मिळणाऱ्या सीटचे आणि सँडविचचे पैसे त्या नऊशेतून वजा करायचेच, पण एरवी ते विकत घेतलं असतं तरच. आणि सगळ्यात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅग आहे ना, हे आधी बघा. विमानतळावर ती महागात पडते.